सहा महिने आणि एकशे ऐंशी दिवस

बँकेत मुदत ठेव ठेवताना बहुतेकांचं लक्ष व्याजदरावर असतं. दर किती, ज्येष्ठ नागरिकांना अर्धा टक्का जास्त आहे का, एवढं विचारलं की काम झालं असं वाटतं. मुदतीचा प्रश्न आला की "सहा महिन्यांची करा" किंवा "वर्षभरासाठी ठेवा" असं आपण सांगतो. काउंटरवरचा कर्मचारी ते संगणकात भरतो आणि पावती हाती येते. त्या पावतीवर मुदत संपण्याची तारीख छापलेली असते, पण ती तारीख नेमकी तीच का, हे फारसं कुणी पाहत नाही. फीचा हप्ता, मंगल कार्यालयाची रक्कम किंवा घराच्या बिल्डरला द्यायचे पैसे त्या तारखेवर अवलंबून असले, की मग एका दिवसाचाही फरक जाणवतो.

एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच वापरू. समजा, 31 ऑगस्ट 2023 या गुरुवारी एका व्यक्तीने एकाच बँकेत पाच पावत्या केल्या. पहिली 180 दिवसांची, दुसरी 6 महिन्यांची, तिसरी 365 दिवसांची, चौथी 1 वर्षाची आणि पाचवी 444 दिवसांची. तारीख मुद्दाम महिन्याच्या अखेरची घेतली आहे. सरकारी नोकरीतली माणसं महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतात, पगारही महिनाअखेरीला जमा होतात, त्यामुळे 30 आणि 31 तारखेला ठेवी ठेवणारे बरेच असतात. मुदतीच्या हिशेबातल्या अडचणीही याच तारखांना दिसतात. 10 तारखेला ठेवलेली ठेव महिन्यांच्या हिशेबात 10 तारखेलाच पूर्ण होते, तिथे विचार करण्यासारखं काही नसतं.

आधी दिवसांचा हिशेब. दिवसांत सांगितलेली मुदत म्हणजे सरळ मोजणी. महिने 30 चे की 31 चे, वर्ष लीप आहे की नाही, याच्याशी तिला काही देणंघेणं नसतं. फक्त ज्या दिवशी ठेव ठेवली तो दिवस मोजणीत धरायचा नाही, दुसऱ्या दिवसाला 'एक' म्हणायचं. इथे आपल्या सवयीची अडचण होते. बाळाचं बारसं बाराव्या दिवशी करतात तेव्हा जन्माचा दिवस पहिला धरला जातो. बँकेत तसं नसतं. 1 तारखेला 7 दिवसांसाठी ठेवलेली ठेव 8 तारखेला पूर्ण होते, 7 तारखेला नाही. सोपी खूण म्हणजे दिवसांऐवजी रात्री मोजाव्यात. पैसे जितक्या रात्री बँकेत राहिले तितक्या दिवसांचं व्याज. ठेव ठेवली त्या दिवसाचं व्याज मिळतं, मुदत संपते त्या दिवसाचं मिळत नाही.

आता 31 ऑगस्ट 2023 पासून 180 दिवस मोजू. यासाठी प्रत्येक दिवस बोटांवर मोजायची गरज नाही, महिनाअखेरीचे टप्पे घेतले की पुरतं. 30 सप्टेंबरला 30 दिवस झाले. 31 ऑक्टोबरला 61, 30 नोव्हेंबरला 91, 31 डिसेंबरला 122 आणि 31 जानेवारीला 153. आता 27 दिवस उरले, म्हणून 27 फेब्रुवारी 2024. पहिली पावती या तारखेला पूर्ण होते.

दुसरी पावती 6 महिन्यांची. इथे दिवस मोजायचे नसतात. 'महिना' म्हणजे 30 दिवस नव्हेत, तर इंग्रजी दिनदर्शिकेप्रमाणे धरलेला महिना, अशी व्याख्या आपल्या 1897 च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टमध्येच आहे. त्यामुळे महिन्यांच्या मुदतीत तारीख तीच ठेवून महिना बदलायचा. ऑगस्टच्या पुढे सहा महिने म्हणजे फेब्रुवारी. पण फेब्रुवारीत 31 तारीख नाही. मग काय?

याचं उत्तर बँकिंगच्या कायद्यात फार जुनं आहे. हुंडी, वचनचिठ्ठी, धनादेश यांच्यासाठी 1881 साली केलेला निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट आजही लागू आहे. त्याचं कलम 23 सांगतं की महिन्यांत दिलेली मुदत त्या महिन्याच्या जुळणाऱ्या तारखेला संपते, आणि अशी तारीख त्या महिन्यात नसेल तर महिन्याच्या शेवटच्या दिवशी संपते. गंमत अशी की त्या कलमाखाली जी उदाहरणं दिली आहेत त्यांत एक नेमकं आपल्यासारखंच आहे. 31 ऑगस्ट 1878 ची, तीन महिन्यांनी देय असलेली वचनचिठ्ठी 3 डिसेंबर 1878 ला देय होते असं तिथे म्हटलं आहे. नोव्हेंबरमध्ये 31 तारीख नाही, म्हणून 30 नोव्हेंबर, आणि त्यावर त्या कायद्यातले सवलतीचे तीन दिवस. मुदत ठेवीची पावती ही काही हुंडी नव्हे. तिला तो कायदा थेट लागू होत नाही आणि सवलतीचे तीन दिवसही मिळत नाहीत. पण तारीख ठरवण्याची रीत मात्र बँकांनी तीच ठेवली आहे.

म्हणून आपली सहा महिन्यांची पावती फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी पूर्ण होते. 2024 हे लीप वर्ष असल्यामुळे ती तारीख 29 फेब्रुवारी. हीच ठेव एक वर्ष आधी, 31 ऑगस्ट 2022 ला ठेवली असती तर 28 फेब्रुवारी 2023 ला पूर्ण झाली असती. 180 दिवस आणि 6 महिने यांत इथे दोन दिवसांचा फरक पडला. हा फरक ठरलेला नसतो. 1 सप्टेंबर 2022 ते 1 मार्च 2023 हे सहा महिने 181 दिवसांचे होतात, तर 1 मार्च ते 1 सप्टेंबर हे सहा महिने 184 दिवसांचे. म्हणजे 'सहा महिने' हा शब्द ऐकून मनात 180 आकडा आणणाऱ्याची गणती एक ते चार दिवसांनी चुकते, आणि ती किती चुकेल हे ठेव कोणत्या महिन्यात ठेवली त्यावर ठरतं.

महिनाअखेरीच्या या नियमात एक बारकावा आहे आणि तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. नियम एकाच दिशेने चालतो. जुळणारी तारीख नसेल तर मागे येऊन शेवटचा दिवस धरायचा, पण जुळणारी तारीख असेल तर ती महिन्याचा शेवटचा दिवस नसली तरी तीच धरायची. 30 एप्रिलला एक महिन्यासाठी ठेवलेली ठेव 30 मे रोजी पूर्ण होते, 31 मे रोजी नाही. 28 फेब्रुवारीला सहा महिन्यांसाठी ठेवलेली ठेव 28 ऑगस्टला पूर्ण होते. 'आपण महिनाअखेरीला ठेवली होती, म्हणजे महिनाअखेरीलाच मिळेल' असं धरून चाललं तर गफलत होते.

आपोआप नूतनीकरण होणाऱ्या ठेवींत ही गफलत हळूहळू वाढते. आपली सहा महिन्यांची पावती 'ऑटो रिन्यू' ठेवली होती असं समजा. 29 फेब्रुवारी 2024 ला ती पूर्ण झाली आणि त्याच तारखेपासून नवी सहा महिन्यांची ठेव सुरू झाली. ती 29 ऑगस्ट 2024 ला पूर्ण होते, 31 ऑगस्टला नाही, कारण नव्या ठेवीच्या दृष्टीने तिचा जन्मच 29 तारखेचा. तिथून पुढचे सहा महिने म्हणजे 28 फेब्रुवारी 2025, आणि त्यापुढचे सहा म्हणजे 28 ऑगस्ट 2025. चार वेळा सहा महिने झाले, दोन वर्षं भरली, आणि तारीख 31 वरून 28 वर आली. एकदा फेब्रुवारीतून गेलेली तारीख मूळ 31 वर परत येत नाही. सुरुवातीलाच दोन वर्षांची पावती केली असती तर ती 31 ऑगस्ट 2025 ला पूर्ण झाली असती.

आता तिसरी आणि चौथी पावती, म्हणजे 365 दिवस आणि 1 वर्ष. माझ्या मते खरं नुकसान होण्याची शक्यता इथेच जास्त असते. 1 वर्षाची पावती 31 ऑगस्ट 2024 ला पूर्ण होते. मधे 29 फेब्रुवारी येत असल्यामुळे या वर्षात 366 दिवस आहेत. त्यामुळे 365 दिवसांची पावती 30 ऑगस्ट 2024 लाच पूर्ण होते. ती एक वर्षाला एका दिवसाने कमी पडते.

एका दिवसाच्या व्याजाचाच प्रश्न असता तर फार बिघडलं नसतं. पण व्याजदर ठरतो तो मुदतीच्या गटावरून. स्टेट बँकेच्या दरपत्रकात 211 दिवस ते एक वर्षाहून कमी असा एक गट आहे आणि एक वर्ष ते दोन वर्षांहून कमी असा त्याच्या पुढचा. बाकीच्या बँकांचे गटही असेच असतात. यातला 'एक वर्षाहून कमी' हा शब्दप्रयोग कळीचा आहे. लीप वर्षाचा दिवस मधे आला असताना 365 दिवसांची ठेव एक वर्षाहून कमी ठरू शकते आणि खालच्या गटाचा दर लागू शकतो. काही बँका दरपत्रकात 365 दिवस असाच शब्द वापरतात, तिथे हा प्रश्न येत नाही. म्हणून आपल्या बँकेचा तक्ता वर्षांत लिहिला आहे की दिवसांत, हे पाहावं लागतं.

रुपयांत हा फरक किती होतो ते पाहू. ठेव 5 लाखांची आणि व्याज दर तिमाहीला चक्रवाढ पद्धतीने धरू. एक वर्षाच्या गटाला समजा 7 टक्के आणि त्याखालच्या गटाला 6.25 टक्के दर आहे. 1 वर्षाच्या पावतीवर व्याज होतं साधारण 35,930 रुपये. 365 दिवसांच्या पावतीलाही 7 टक्केच मिळाले, तर व्याज 35,904 रुपये, म्हणजे 25-26 रुपयांचा फरक. पण तीच पावती 6.25 टक्क्यांच्या गटात गेली तर व्याज 31,968 रुपयांवर येतं. एका दिवसासाठी जवळजवळ 3,960 रुपये गेले. कर्मचाऱ्याने 12 महिने लिहिण्याऐवजी 365 दिवस लिहिले, एवढंच कारण.

लांबच्या मुदतीत तर हे लीप वर्षाची वाट न पाहता होतं. पाच वर्षं म्हणजे 365 गुणिले 5, म्हणजे 1825 दिवस, असा तोंडी हिशेब पुष्कळजण करतात. पण आपल्या हयातीतल्या कोणत्याही पाच वर्षांत 29 फेब्रुवारी किमान एकदा येतो, कधी दोनदा येतो. त्यामुळे पाच वर्षं म्हणजे 1826 किंवा 1827 दिवस. 1825 दिवसांची ठेव पाच वर्षांची कधीच भरत नाही. पाच वर्षांपासून वरचा गट वेगळा असेल, तर दिवसांत सांगितलेली मुदत त्याच्या उंबरठ्याबाहेर राहते. यावर उपाय साधा आहे. ज्या गटाची सुरुवात वर्षाने होते, त्याच्यासाठी मुदत वर्षांत किंवा महिन्यांतच सांगावी. पोस्टाच्या मुदत ठेवींत हा गोंधळ मुळातच नाही, कारण तिथे फक्त 1, 2, 3 आणि 5 वर्षांच्याच ठेवी असतात.

दिवसांत मुदत सांगावी लागते ती विशेष योजनांमध्ये. स्टेट बँकेची 'अमृत कलश' योजना 400 दिवसांची होती, 'अमृत वृष्टी' 444 दिवसांची. अशा योजनेचा जाहीर दर त्या नेमक्या दिवसांनाच मिळतो. "साधारण सव्वा वर्ष" किंवा "पंधरा महिने" म्हणून भागत नाही. पंधरा महिने म्हणजे 454 ते 458 दिवस होतात आणि त्यांना नेहमीच्या तक्त्यातला दर लागतो.

आपली पाचवी पावती 444 दिवसांचीच आहे. 31 ऑगस्ट 2023 पासून 31 ऑगस्ट 2024 पर्यंत 366 दिवस झाले. उरले 78. 30 सप्टेंबरला त्यातले 30 संपले, 31 ऑक्टोबरला 61, आणि उरलेले 17 घेतले की 17 नोव्हेंबर 2024. या दिवशी रविवार होता.

मुदत सुट्टीच्या दिवशी संपली तर काय होतं, याबद्दल रिझर्व्ह बँकेचा नियम स्पष्ट आहे. पैसे पुढच्या कामाच्या दिवशी मिळतात आणि मधल्या सुट्टीच्या दिवसाचं व्याज ठरलेल्या दरानेच द्यावं लागतं. दर तिमाहीला किंवा महिन्याला व्याज हातात घेत असाल तर ते मूळ रकमेवर मोजतात, व्याज ठेवीतच साठत असेल तर मुदतीअखेरच्या पूर्ण रकमेवर. 5 लाखांची ही 444 दिवसांची ठेव 7 टक्क्यांनी साधारण 5,43,946 रुपये झाली असती. रविवारचे आणखी सुमारे 104 रुपये मिळून सोमवारी, 18 नोव्हेंबरला ती खात्यात यायला हवी. हुंडीच्या कायद्यात याच्या उलट रीत आहे, तिथे सुट्टी आली तर आदल्या कामाच्या दिवशी रक्कम देय होते. ठेवीदारासाठी मात्र पुढचा दिवस, तोही व्याजासकट.

रविवार सगळ्यांच्या लक्षात असतो. विसरला जातो तो दुसरा आणि चौथा शनिवार. 1 सप्टेंबर 2015 पासून या दोन शनिवारी बँका बंद असतात, पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या शनिवारी उघड्या. आपली एक वर्षाची पावती 31 ऑगस्ट 2024 ला शनिवारी पूर्ण झाली, पण तो त्या महिन्यातला पाचवा शनिवार होता, म्हणून अडचण आली नाही. एक आठवडा आधी, 24 ऑगस्टला मुदत संपली असती तर पैसे सोमवारी, 26 तारखेला मिळाले असते. करबचतीच्या पाच वर्षांच्या ठेवींत तर दोन सुट्ट्या एकत्र येऊ शकतात. 31 मार्च 2025 ला घाईघाईने केलेली अशी ठेव 31 मार्च 2030 ला पूर्ण होईल. त्या दिवशी रविवार आहे, आणि 1 एप्रिलला वार्षिक हिशेबासाठी बँकांचे व्यवहार ग्राहकांना बंद ठेवण्याची प्रथा आहे. म्हणजे पैसे प्रत्यक्ष हाती यायला बहुधा 2 एप्रिल उजाडेल. त्या पैशांवर काही बेत ठरवला असेल तर दोन दिवस मोकळे ठेवायला हवेत.

कामाच्या दिवशीही पैसे खात्यात येण्याची वेळ बँकेगणिक बदलते. कुठे दिवसाच्या सुरुवातीच्या प्रक्रियेत रक्कम जमा होते, कुठे दिवसाच्या अखेरीला. त्यामुळे मुदत संपते त्याच तारखेचा धनादेश कुणाला देऊन ठेवू नये. आणि एक दिवस आधी पैसे हवेत म्हणून ठेव मोडली, तर तो एक दिवस महागात पडतो. आपली एक वर्षाची पावती 30 ऑगस्टला मोडली असती, तर ती एक वर्षाहून कमी काळ राहिली असं धरून त्या काळाला लागू असलेला दर मिळाला असता आणि बँकेच्या धोरणाप्रमाणे त्यातून दंडही वजा झाला असता. म्हणून पैसे कधी लागणार आहेत हे माहीत असेल तर मुदत त्याच्या दोन-तीन दिवस आधी संपेल अशीच निवडावी.

उलट बाजूला, मुदत संपूनही ठेव तशीच पडून राहिली तर? आपोआप नूतनीकरणाची सूचना दिली नसेल, तर जुलै 2021 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की त्या पुढच्या काळासाठी बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा ठरलेला दर, यांपैकी जो कमी असेल तो मिळतो. सध्या तो बहुतेक ठिकाणी बचत खात्याचाच असतो. तारीख चुकीची लक्षात ठेवण्याचा तोटा म्हणून दोन्ही बाजूंनी होतो.

मुदत वर्षं, महिने आणि दिवस अशी मिसळून सांगितली तर क्रमाला महत्त्व येतं. 30 जानेवारी 2025 ला 1 महिना 1 दिवसासाठी ठेव ठेवली असं धरा. आधी महिना घेतला तर 28 फेब्रुवारी, मग एक दिवस, म्हणजे 1 मार्च. आधी दिवस घेतला तर 31 जानेवारी, मग महिना, म्हणजे 28 फेब्रुवारी. उत्तर एका दिवसाने बदललं. रीत अशी की वर्षांचे महिने करून ते महिन्यांत मिळवायचे, तेवढे महिने एकदम पुढे जायचं आणि शेवटी दिवस मोजायचे. वर्षं आणि महिने वेगवेगळे घेतले तरी फरक पडू शकतो. 29 फेब्रुवारी 2024 पासून 13 महिने म्हणजे 29 मार्च 2025. पण आधी एक वर्ष पुढे गेलात तर 28 फेब्रुवारी 2025 येतं आणि मग एक महिना घेतला की 28 मार्च.

संगणकावर एक्सेल किंवा गुगल शीट वापरणाऱ्यांना हे सगळं एका ओळीत करता येतं. ठेवीची तारीख A2 या चौकटीत, वर्षं B2 मध्ये, महिने C2 मध्ये आणि दिवस D2 मध्ये लिहिले की सूत्र असं:

```
=EDATE(A2, 12*B2+C2)+D2
```

EDATE महिने पुढे नेताना 31 तारीख नसलेल्या महिन्यात शेवटच्या दिवशी थांबतं, म्हणजे बँकेच्या रीतीप्रमाणेच चालतं. उत्तराच्या जागी 45,000 च्या आसपासचा आकडा दिसला तर घाबरू नये, त्या चौकटीला तारखेचं स्वरूप द्यायचं राहिलेलं असतं. एक सूत्र मात्र टाळावं, आणि तेच बऱ्याच जणांच्या तक्त्यांत दिसतं:

```
=DATE(YEAR(A2), MONTH(A2)+6, DAY(A2))
```

31 ऑगस्ट 2023 ला हे सूत्र '31 फेब्रुवारी 2024' शोधायला जातं, ती तारीख नाही म्हणून 29 च्या पुढे दोन दिवस ओलांडतं आणि 2 मार्च 2024 दाखवतं. बँकेत मुदत 29 फेब्रुवारीला संपलेली असते. आपल्या तक्त्यातली तारीख आणि पावतीवरची तारीख यांत एक ते तीन दिवसांचा फरक आढळला आणि ठेव महिनाअखेरीची असली, तर कारण बहुतेक वेळा हेच असतं.

मोजणी कुठून सुरू होते हेही तपासावं. पैसे धनादेशाने दिले असतील आणि तो दुसऱ्या बँकेचा असेल, तर ठेव धनादेश वटल्यावर सुरू होते, तो दिला त्या दिवशी नाही. रात्री उशिरा मोबाइलवरून केलेली ठेव काही बँकांत पुढच्या कामाच्या दिवसाची धरली जाते. पावतीवर ठेवीची तारीख म्हणून जी छापलेली असते तीच सगळ्या हिशेबाची सुरुवात.

म्हणून पावती हातात पडली की तिच्यावरच्या चार गोष्टी तिथेच उभं राहून वाचा. ठेवीची तारीख, मुदत कोणत्या शब्दांत लिहिली आहे, मुदत संपण्याची तारीख आणि दर. तुम्ही सांगितलेली मुदत महिन्यांत असेल आणि पावतीवर दिवस छापले असतील, किंवा दर तुम्ही वाचलेल्या गटाचा नसेल, तर त्याच दिवशी दुरुस्ती करून मागा. त्या दिवशी ती सोपी असते. नंतर बहुधा ठेव मोडून नवीच करावी लागते, आणि सात दिवसांच्या आत मोडलेल्या ठेवीवर व्याज मिळत नाही.